मदत हवी आहे: हिंदीची सवय असलेल्या माणसाने टाइप केलेलं नेपाळी हस्तलिखित

कानामात्रा: देहरादूनच्या एका गोरखाली आजोबांच्या आठवणींचं प्रूफ तपासतेय, टायपिंग करणाऱ्याचा हात पूर्ण हिंदीत बसलेला, त्यामुळे 'घर मा', 'राम ले', 'राम को' असं सगळं तोडून. नेपाळीत आपल्यासारखेच प्रत्यय जोडून लिहितात म्हणून मी सरळ फाइंड-रिप्लेस मारलं आणि 'बाहिर को छ?' चं 'बाहिरको छ?' झालं 😭 म्हणजे 'बाहेर कोण आहे' चं 'बाहेरचा आहे'! अजून असं काय काय फसवेल? आणि 'गर्यो' बरोबर आहे का?

डोंगरवाट: सहा वर्षं गंगटोकला होतो. 'को' म्हणजे 'कोण' पण असतं, तो एकेक करूनच बघ. 'गर्यो' चूक, 'गर्‍यो' हवं, 'पर्यो' चं 'पर्‍यो'. दिसायला आपल्या 'दुसऱ्या' मधल्या र सारखाच. पण सगळे 'र्य' बदलू नकोस, 'कार्य', 'पर्यटन' मध्ये रफारच असतो. शब्द पूर्ण टाकून शोध. आणि सगळ्यात जास्त वेळ पायमोडक्यात जाणार, हिंदीवाले तो गाळतात. 'उनीहरू शिक्षक हुन्' म्हणजे ते शिक्षक आहेत, तिथे हवा, पण 'यस्तो हुन सक्छ' मध्ये नको. दोन्ही शब्द खरे आहेत त्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो, वाक्य वाचावंच लागतं.

शाईदौत: ह्रस्वदीर्घ मात्र हिंदीसारखंच राहू दे, शेवटी दोन्ही संस्कृतातूनच आलेत ना.

डोंगरवाट: संस्कृत शब्दांपुरतं ठीक, बाकी नाही. हिंदीत दीदी, महीना, गरीब, कानून, नेपाळीत दिदी, महिना, गरिब, कानुन. नुक्ताही नाही, 'सड़क' चं 'सडक'.

बोरूबहाद्दर: माझ्या मराठी कादंबरीत पण सेम झालेलं, 'दुसर्या' 'तिसर्या' सगळीकडे! कीबोर्डवरचा ऱ वापर, सुटशील.

डोंगरवाट: अहो ती नेपाळी विचारतेय. मराठीतला ऱ वेगळं अक्षर आहे, तिकडे र, हलन्त, मग U+200D हे न दिसणारं जोडचिन्ह आणि य असं टाइप होतं. दिसायला सेम, पण उद्या कोणी 'गर्‍यो' शोधलं तर ऱ वाले सापडणारच नाहीत.

कानामात्रा: अरे देवा, काल चाळीस पानं ऱ नेच केलीत 🙈 ते निदान एका रिप्लेसमध्ये निघेल, नेपाळीत ऱ लागतच नाही ना. आणि संघ की सङ्घ?

डोंगरवाट: शुद्धलेखनवाले सङ्घ, सम्बन्ध, पञ्च म्हणतात, पेपरात संघ सर्रास दिसतं. संसार, संविधान मध्ये मात्र अनुस्वारच.

शाईदौत: मला संघच बरं वाटतं, वाचायला सोपं.

कानामात्रा: प्रकाशकाला विचारते, तोवर त्या शब्दांना पिवळा रंग मारून ठेवते. 'हुन' किती आहेत मोजले आत्ता, २१२ 😵