सॉल्ट एक, नावं छप्पन्न: जुळवायचं कसं?

सुमेध_क: बाबांची बीपीची गोळी मिळेना. जुन्या पाकिटावर ठळक ५० आहे, खाली मेटोप्रोलॉल एक्सएल. पर्याय म्हणून दोन पट्ट्या समोर आल्या. एकीवर मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ५०, दुसरीवर मेटोप्रोलॉल सक्सिनेट ४७.५. मला ५० वाली बरोबर वाटते. आणि एकाच औषधाला इतकी नावं हवीतच कशाला?

बेधडक: नावांचा सगळा खेळ मार्केटिंगचा. सॉल्ट तेच आणि आकडा तोच असेल तर डोळे झाकून घ्या. मेटोप्रोलॉल म्हणजे मेटोप्रोलॉल. ५० वाली घ्या.

औषधनिर्माती: थांबा, घेऊ नका. इथे आकडा जुळतोय ती चुकीची आहे आणि न जुळणारी बहुधा बरोबर. टार्ट्रेट आणि सक्सिनेट हे दोन वेगळे क्षार. त्यांचं वजन वेगळं, त्यामुळे ४७.५ मिलिग्रॅम सक्सिनेटमध्ये मूळ मेटोप्रोलॉल जेवढं, जवळपास तेवढंच ५० मिलिग्रॅम टार्ट्रेटमध्ये, म्हणजे साधारण ३९ मिलिग्रॅम. म्हणून सक्सिनेटच्या गोळीवर समोर ५० छापतात आणि मागे बारीक अक्षरात ४७.५. जुनी पट्टी उलटून बघा, तिथेही बहुतेक ४७.५ च असेल.

खरा फरक गोळीच्या घडणीत आहे. एक्सएल म्हणजे औषध दिवसभर हळूहळू सुटतं, दिवसातून एकदा पुरतं. साधी टार्ट्रेट लवकर उतरते, सहसा दिवसातून दोनदा द्यावी लागते. तीच एकदा दिली तर सुरुवातीला नाडी जास्त मंदावेल आणि पुढच्या गोळीआधी बीपी वर जाईल. बाबांना हार्ट फेल्युअरसाठी दिली असेल तर अदलाबदल आणखी चुकीची, कारण त्या आजारात सिद्ध झालेला फायदा सक्सिनेटच्या हळू सुटणाऱ्या गोळीचा आहे.

बेधडक: ठीक, क्षार आणि घडण पाहू. पण मग दोन्ही जुळल्यावर पन्नास नावांची गरज काय? पेटंट संपलं की नावंही संपायला हवीत.

औषधनिर्माती: उलट, पेटंट संपल्यावरच नावं वाढतात. मूळ कंपनीचा ट्रेडमार्क पेटंटसोबत जात नाही, तो तिचाच राहतो. मेटोप्रोलॉल हे नाव मात्र कोणाच्याच मालकीचं नाही. मग नवीन येणारा प्रत्येक जण डॉक्टरांच्या लक्षात राहावं म्हणून आपलं नाव लावतो. कधी एकच कंपनी एकच औषध दोन नावांनी विकते. याची मला चीड आहे, कारण दोन डॉक्टरांकडे जाणारा माणूस नकळत तेच औषध दुप्पट घेतो.

मधुरा_प: माझं थायरॉइडचं सांगते. लेव्होथायरॉक्सिन, मायक्रोग्रॅम तेच, फक्त कंपनी बदलली आणि टीएसएच वर गेलं. ऐकलंय की नकली औषधात २० टक्के कमी चालतं. खरं का?

औषधनिर्माती: नकली नाही, दुसऱ्या कंपनीचं. आणि अशा औषधाला मंजुरी देताना लावतात ती ८० ते १२५ टक्क्यांची चौकट गोळीत किती औषध भरलंय याची नसते. मूळ औषधाच्या तुलनेत रक्तात किती पोहोचतं, याचा अनिश्चिततेसकट सगळा अंदाज त्या चौकटीत बसावा लागतो. सरासरीच २० टक्क्यांनी घसरली असेल तर औषध अडकतं. मात्र लेव्होथायरॉक्सिनसारख्या औषधात थोडा फरकही जाणवतो. तिथे कंपनी शक्यतो बदलू नये, बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करावं. तुमचं वाढलं ते कंपनीमुळेच की गोळी चहासोबत घेतल्यामुळे, हे इथून सांगता येणार नाही.

मधुरा_प: चहा मी तासाभराने घेते हो.

नानासाहेब: म्हणजे ब्रँडच बरा, हेच मी म्हणतो. नाव कायम ठेवलं की क्षार, घडण, कंपनी सगळं आपोआप कायम.

औषधनिर्माती: आपोआप नाही, नानासाहेब. एकाच नावामागे एएम, एच, डी असं शेपूट लागलं की बहुतेकदा आत दुसरं औषधही मिसळलेलं असतं. नाव ओळखीचं म्हणून शेपूट कुणी वाचत नाही. पट्टी उलटून औषधाचं पूर्ण नाव क्षारासह, मात्रा आणि एक्सएल किंवा एसआर अशी हळू सुटण्याची खूण, एवढं वहीत लिहून ठेवा, ब्रँड त्याच्याखाली.

नानासाहेब: माझ्या वयात ती बारीक अक्षरं कोण वाचणार? ठळक नावच वाचता येतं.

बेधडक: म्हणून तर म्हणतो, औषधाचं नावच ठळक छापा.

सुमेध_क: जुनी पट्टी उलटली. सक्सिनेट ४७.५ च निघालं. नवी सक्सिनेटची पट्टीही 'एक्स्टेंडेड रिलीज' म्हणते. डॉक्टरांना फोटो पाठवलाय. बाबा गोळी चावून खातात, ते चालतं का?

औषधनिर्माती: अजिबात नको, चावली की हळू सुटण्याची सोयच मोडते. मध्ये खाच असेल तर अर्धी करून गिळता येते, हे मात्र आधी त्या विशिष्ट गोळीच्या माहितीपत्रकात पाहा.