रात्री फीडर ट्रिप झाला की तपासल्याशिवाय परत घ्यावा का?

रानवाट
आमच्या गावाची लाइन रात्री गेली की सबस्टेशनला फोन करतो. कधी दोन मिनिटांत येते, कधी "लाइन चेक करतोय" म्हणून तास-दीड तास अंधार. बटण दाबायला इतका वेळ का लागतो? एकदा चालू करून बघायला काय हरकत आहे? खात्यातल्या कुणीतरी खरं सांगावं.

काजवा
मी उपकार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. माझ्या हाताखालच्या एका कनिष्ठ अभियंत्याची गोष्ट सांगतो, म्हणजे हरकत काय ते कळेल.

मराठवाड्यातलं ३३/११ केव्ही सबस्टेशन, मे महिना. त्या रात्री नुसती वावटळ आली, पावसाचा थेंब नाही. पोरगा नोकरीला नवा, कामाला चोख, योगायोगाने सबस्टेशनवरच थांबलेला. एक वीसला गावठाण फीडर, म्हणजे गावांना वीज देणारी ११ केव्हीची लाइन, गेला. फॉल्ट ओळखून लाइन तोडणाऱ्या रिलेवर आर फेज ओव्हरकरंट आणि अर्थ फॉल्ट, म्हणजे जास्त करंट आणि जमिनीत गेलेला करंट, दोन्हीच्या खुणेचे फ्लॅग पडलेले. ऑपरेटर जुना माणूस. तो म्हणाला, "साहेब, आधी फ्लॅग लिहून घेतो, गावात फोन लावतो." तेवढ्यात सबस्टेशनचा फोन वाजायला लागला होता. पोराने फ्लॅग रिसेट केले. "वाऱ्याने तारा लागल्या असतील, घ्या," म्हणाला. एक बावीसला ब्रेकर घेतला, म्हणजे लाइन पुन्हा चालू केली, आणि फीडर होल्ड झाला, पुन्हा पडला नाही. पॅनेलवरच्या अँपिअर मीटरचा सिलेक्टर वाय फेजवर होता. काटा पंचावन्नवर. ट्रिपच्या आधी साठ होता. लोड हळूहळू येतोच, पोरगा निर्धास्त झाला.

दोन वाजता ऑपरेटर लॉगशीट भरायला उठला. तो दर तासाला सिलेक्टर फिरवून तिन्ही फेज लिहायचा. एक वाजताच्या ओळीत ५८, ६०, ५७ होते. आता आले ३१, ५५, ५३. तो ते आकडे दाखवत होता तेवढ्यात शेवटच्या गावातून फोन आला. "आमच्याकडं बल्ब लख्ख आहे, शेजारी नुसता मिणमिणतोय, पंखा फिरंना. डीपीवर फ्यूज बघून येऊ का?" ऑपरेटरने फोनवर "आहे तिथंच थांबा, घराबाहेर पडू नका" असं ओरडून सांगितलं आणि दुसऱ्या हाताने ब्रेकर ट्रिप केला. पोराला काही विचारलंही नाही. मला नंतर दोघांचेही फोन आले.

लाइनमनबरोबर पोरगाही गेला. आर फेजची तार जुन्या जोडापाशी तुटली होती. सबस्टेशनकडचं टोक खांबावरून हवेत लोंबत होतं, कशालाच लागत नव्हतं. पलीकडची तार दगडी बांधावरून आडवी पडलेली, आणि तो बांध गावातून डीपीकडे जायच्या वाटेवर. तारेखालचं वाळलेलं गवत वीतभर पट्ट्यात काळं झालं होतं. लाइनमनने डिस्चार्ज रॉड लावून दोन्ही बाजूंना अर्थिंग केलं, मगच हात लावू दिला.

ही तार चाळीस मिनिटं जिवंत होती आणि रिलेला पत्ता नव्हता. तुटताना ती लोखंडी क्रॉस आर्मला घासली तेव्हा मोठा करंट गेला, म्हणून पहिल्यांदा ट्रिप झाला. नंतर ती कोरड्या दगडावर पडली. पलीकडच्या ट्रान्सफॉर्मरची ११ केव्हीची बाजू डेल्टा असते, म्हणजे तिन्ही फेज वाइंडिंगने एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून उरलेल्या दोन फेजमधून तिच्यात उलटा करंट येत राहिला. व्होल्टेज तीन हजारांच्या आसपास, माणूस मरायला भरपूर. पण दगडातून जमिनीत जाणारा करंट मोजक्या अँपिअरचा. आमच्या रिलेचं अर्थ फॉल्टचं सेटिंग होतं ४० अँपिअर, करंट मोजणाऱ्या २०० अँपिअरच्या सीटीवर वीस टक्के. त्याच्या खालचं त्याला दिसतच नाही. फीडर होल्ड झाला याचा अर्थ एवढाच, की ४० अँपिअरच्या वर काही जात नव्हतं.

गावातला फोनही तेच सांगत होता. डेल्टाचा एक फेज गेला की खालच्या बाजूला एका फेजला पूर्ण व्होल्टेज राहतं, दोघांना निम्मं. म्हणून एक घर लख्ख आणि शेजारचं मिणमिण. पोराने त्या रात्रीनंतर फ्लॅग लिहिल्याशिवाय रिसेट केला नाही आणि तिन्ही फेज बघितल्याशिवाय पॅनेलपासून हलला नाही.

दर्यावर्दी
काका, गोष्ट खरी आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मी आज याच खुर्चीत आहे. माझा एक फीडर तीस किलोमीटरचा, रात्री लाइनमन दोन, त्यातला एक दुसऱ्या गावात. पावसाळ्यात एका संध्याकाळी तोच फीडर पाच-सहा वेळा जातो. ओव्हरहेड लाइनवरचे बहुतेक फॉल्ट क्षणिक असतात. फांदी घासते, पक्षी बसतो, वीज पडते, ट्रिप झाल्यावर काहीच उरत नाही. दर वेळी पूर्ण पेट्रोलिंग करायचं तर पहाट होईल. त्याच लाइनवर ग्रामीण रुग्णालय आणि पाणीपुरवठा आहे. जगभर लाइन आपोआप परत घेणारे ऑटो रिक्लोजर लावतात ते उगाच का? मी एक ट्रायल घेतो. होल्ड झाला तर ठीक, नाही तर पेट्रोलिंग.

निळाई
दर्यावर्दी यांच्याशी अजिबात सहमत नाही. मी शहरात केबलच्या नेटवर्कवर काम करते. आमच्याकडे ट्रिप झालेला फीडर मेगर केल्याशिवाय, म्हणजे इन्सुलेशन मोजल्याशिवाय, कुणी घेत नाही, ट्रायल हा शब्दच चालत नाही. एकदा कंत्राटदाराच्या माणसाने घेतला आणि जॉइंट फुटून शेजारची केबलही गेली. केबलच्या स्विचपेटीवरचे, म्हणजे आरएमयूवरचे, फॉल्ट इंडिकेटर बघायचे, खराब तुकडा वेगळा करायचा, मग पुरवठा द्यायचा. सगळीकडे हाच नियम हवा.

दर्यावर्दी
निळाईताई, केबलचा फॉल्ट आपोआप बरा होत नाही, तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर. पण तीस किलोमीटर उघड्या तारेवर रात्री मेगर लावायचा तर आधी सगळे ट्रान्सफॉर्मर खांबावरचे डीओ फ्यूज उघडून वेगळे करावे लागतील. चाळीस डीपी. कोण करणार?

पिंपळपान
आमच्या फ्लॅटमध्ये गीझर लावला की एमसीबी पडतो. मी लगेच चढवते, चालतो. तेही चुकीचं का?

काजवा
पिंपळपान, गीझरचं एलिमेंट तपासून घ्या, आणि तोवर तो लावू नका. इथला विषय ११ केव्हीचा आहे, त्यात नको मिसळायला.

दर्यावर्दी, ऑटो रिक्लोजरचं म्हणाल तर तो एक-दोन सेकंदांत परत घेतो, कारण ठिणगी विझायला तेवढाच वेळ लागतो. तार तुटली का, हे तो बघत नाही. त्या रात्री तिथे रिक्लोजर असता तर त्यानेही ती तार जिवंतच ठेवली असती. आणि पेट्रोलिंग म्हणजे तीस किलोमीटर चालणं असं मी कुठे म्हटलं? फ्लॅग लिहायचे, दोन-तीन गावांत फोन करायचा, कुठे जाळ किंवा आवाज झाला का विचारायचं. तेवढ्याने संशयाचा भाग कळतो. मग मधला एबी स्विच उघडून आधी अलीकडचा अर्धा फीडर घ्यायचा, रुग्णालय तिकडे असेल तर त्याला वीज मिळते. पलीकडचा अर्धा बघून घ्यायचा. यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, रात्र नाही.

लोहार
मी टेस्टिंग विभागात आहे. दोघांच्याही लक्षात नसलेली एक गोष्ट सांगतो. फॉल्ट सबस्टेशनजवळ असेल तर प्रत्येक ट्रायलला तो सगळा करंट पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून जातो आणि वाइंडिंग थोडी थोडी सैल होते. मी उघडलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हे पाहिलंय. ब्रेकरलाही मर्यादा आहे. त्याच्या पाटीवर ऑपरेटिंग सिक्वेन्स छापलेला असतो, ओ–०.३ सेकंद–सीओ–३ मिनिटं–सीओ. ओ म्हणजे उघडणं, सीओ म्हणजे घेऊन लगेच उघडणं. म्हणजे फॉल्टवर एकदा परत घेतला आणि पुन्हा पडला तर तीन मिनिटं तरी हात लावायचा नाही. लोक दोन मिनिटांत तीनदा घेतात.

तुटलेल्या तारेवर मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. अर्थ फॉल्टचं सेटिंग खाली आणलं तर फॉल्ट नसतानाही उगाच ट्रिप होणार, मग लोक वैतागून पुन्हा वर नेतात. नव्या न्यूमरिकल रिलेत तुटलेला कंडक्टर ओळखायची सोय असते, फेजमधला असमतोल मोजून. बऱ्याच ठिकाणी ती बंदच असते. चालू केली तरी तार फीडरच्या शेपटाला तुटली तर असमतोल इतका कमी, की तीही गप्प बसते.

माळरान
माझी म्हैस अशीच गेली. सकाळी तार पडलेली, लाइन चालू. सबस्टेशनला रात्री तीनदा फोन केला होता, कुणी उचलला नाही. तुम्ही म्हणता गावात फोन करा. आधी आमचा तरी उचला.

दर्यावर्दी
माळरान, यावर काय बोलणार. रात्री एकच ऑपरेटर असतो आणि पाच फीडर गेले की एकाच वेळी पन्नास फोन येतात, पण म्हणून तुमचं नुकसान कमी होत नाही.

काका, फोन आणि तिन्ही फेज वाचणं मान्य. खरं तर तुमच्या गोष्टीत तार घेण्याआधीच्या तपासणीने सापडली नाही, घेतल्यानंतरच्या लॉगशीटने सापडली. म्हणजे माझी ट्रायल आणि पाच मिनिटांत तिन्ही फेजचा लोड, एवढंही पुरलं असतं.

काजवा
पाच मिनिटांत तो माणूस डीपीच्या वाटेवर निम्म्यात असता. लोड वाचणं हा दुसरा बंदोबस्त झाला, पहिला नाही. शिवाय लोहार म्हणतात तसं तार शेपटाला तुटली तर ५८ चे ५५ होतील. ते तुम्हाला रात्री दोनला दिसेल?

रानवाट
बरंच कळलं. मग आम्ही फोन केल्यावर नेमकं काय सांगायचं?

लोहार
"लाइट गेली" एवढंच नको. कुठे जाळ दिसला, कुठल्या बाजूला आवाज झाला, लाइट आल्यावर शेजारच्या घरात मंद आहे का, हे सांगा. आणि डीपीकडे कुणी जाऊ नका, दिवसाही नाही.

दर्यावर्दी
मी माझ्यापुरतं ठरवतो. अर्थ फॉल्टचा फ्लॅग असेल तर फोनाफोनी झाल्याशिवाय घेणार नाही. नुसता ओव्हरकरंट असेल, बाहेर वारा असेल, तर एक ट्रायल घेणारच.

काजवा
वाऱ्यात दोन तारा एकमेकींवर आपटल्या तरी ओव्हरकरंटचाच फ्लॅग पडतो, आणि आपटलेल्या जागी तार जळून तुटल्याचं मी दोनदा तरी पाहिलंय. तेव्हा अर्थ फॉल्टचा फ्लॅग नव्हता.

दर्यावर्दी
मग रुग्णालयाचं जनरेटर बंद असेल तेव्हा तुम्ही काय केलं असतं, तेही सांगा.