ऑफर हातात, दुसरीकडचा निकाल बाकी: मुदत मागावी का?

ऐरोलीकर: महापेच्या एका कंपनीची ऑफर काल आली. उद्या, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत स्वीकारायची आहे. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या कंपनीत शेवटची फेरी झालीय, एचआर म्हणते पुढच्या आठवड्यात कळवू. काम मला तिथलं आवडलंय. मुदत मागितली तर हातची ऑफर जाईल का?

वाशीवाला: मागूच नका, उगाच संशय येतो. स्वीकारून टाका. नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल, तोवर ठाण्याचं कळेलच. आवडलं नाही तर जाऊ नका.

घणसोलीची भरतीवाली: अजिबात पटलं नाही. तुम्ही हो म्हणालात की आम्ही बाकीच्या उमेदवारांना नकार कळवतो. तीन महिन्यांनी तुम्ही आलाच नाहीत, तर ती माणसं तोवर दुसरीकडे गेलेली असतात.

मुदत मागितली म्हणून सहसा ऑफर जात नाही. 'जरा वेळ द्या' असं मोघम मागितलं की गाडी अडते. म्हणून आधी ठाण्याला मेल करा: हातात ऑफर आहे, उद्या उत्तर द्यायचंय, तुमचा निर्णय कोणत्या तारखेला होईल? पुष्कळदा फाइल पगाराच्या मंजुरीवर अडकलेली असते, अशा मेलने ती हलते. ते मंगळवार म्हणाले, तर महापेकडे बुधवार दुपारपर्यंतची मुदत मागा. आजच फोन करा आणि लगेच मेल टाका. कंपनीचं नाव सांगू नका, पण 'एका ठिकाणची प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे' हे खरं कारण द्या. घरच्या आजारपणाच्या सबबी आम्हाला ओळखू येतात.

आणि पोर्टलवरची लिंक पाहा. फोनवर हो म्हणूनही जुनी तारीख तशीच राहिली, तर लिंक बंद पडते. नवी तारीख तिथे दिसेपर्यंत पाठपुरावा करा.

कळव्याचा: मला तर महिनाभर मिळाला होता! नोटीस संपत नव्हती, त्यांनी लगेच मान्य केलं.

घणसोलीची भरतीवाली: दादा, ती रुजू व्हायची तारीख. तुम्ही ऑफर आधीच स्वीकारली होती.

नेरूळकर: मेलवर मुदत दिली की कंपनी बांधली जाते, निर्धास्त राहा.

ठाणे कोर्टनाका: अर्धंच खरं. भारतीय करार कायदा १८७२, कलम ५: स्वीकार कळवण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो. मोबदला न घेता नुसतं 'बुधवारपर्यंत थांबतो' म्हटलं, तर ते सहसा बंधनकारक नसतं. कलम ६ प्रमाणे दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव संपतोच. मेलमुळे गैरसमज टळतो, एवढाच आधार.

वाशीवाला: म्हणजे त्यांनी मागे घेतली तर चालतं, आणि आम्ही मात्र प्रामाणिक राहायचं? स्वीकारल्यावर ऑफर रद्द झालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. माझं मत तेच.

घणसोलीची भरतीवाली: तो राग रास्त आहे. तरीही मी तसं करायला सांगणार नाही.

ऐरोलीकर: ठाण्याहून उत्तर आलं, सोमवारी सांगतात. महापेकडे मंगळवार दुपार मागितलीय. नाहीच म्हणाले तर?

घणसोलीची भरतीवाली: मग उद्या सहाच्या आत ठरवावं लागेल. ठाण्याचं पत्र हातात नसताना, नुसत्या तोंडी 'तुमचं जवळपास झालंय' वर महापेला नकार देऊ नका.