मदत हवी आहे: ‘काळे’ आडनावाचा उच्चार इंग्रजीत कसा लिहून द्यायचा?

धरमपेठकर_आई
नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, आडनाव काळे. मुलगी अमेरिकेत शिकते, पुढच्या महिन्यात तिचा पदवीदान समारंभ आहे. मंचावरून नाव पुकारणाऱ्यासाठी विद्यापीठानं अर्जात एक चौकट दिलीय: तुमच्या नावाचा उच्चार कसा करायचा ते लिहा. पासपोर्टवर Kale आहे आणि तिथे दोन वर्षं सगळे ते ‘केल’ असं वाचतात, त्या नावाची पालेभाजी आहे म्हणे. तिचे बाबा आणि मी दोघंही समारंभाला जाणार आहोत. त्या दिवशी तरी नाव नीट ऐकू यावं. ळ साठी काय लिहू? आवाज मुद्रित करून पाठवायचीही सोय आहे.

वऱ्हाडी_माणूस
ताई, स्पेलिंग बदलायचं असेल तर आधी राजपत्रात नावबदल छापून आणा. मग पासपोर्ट, बँक, पॅन, सगळीकडे फिरावं लागते. माह्या भावाले वर्ष लागलं.

धरमपेठकर_आई
नाही हो दादा, स्पेलिंग तेच ठेवायचंय. फक्त उच्चाराच्या चौकटीत काय लिहायचं ते विचारतेय.

अक्षरवेडा
तमिळ लोकांसारखं zh लिहा: Kaazhe. कनिमोळींचं नाव Kanimozhi असंच लिहितात ना.

वर्णमाला
zh नको. तमिळमध्ये ळ सारखी दोन अक्षरं आहेत. आपल्या ळ चा जोडीदार ள, आणि तो नावांत साध्या l नंच लिहितात. zh येतो तो ழ साठी, आणि त्यात जीभ टाळूला टेकतच नाही. शिवाय अमेरिकन माणूस zh पाहून फ्रेंच शब्दातल्यासारखा ‘झ’ म्हणेल.

पुस्तकांत Kāḷe असं l खाली टिंब देऊन लिहितात, ISO 15919 मध्ये ळ साठी तेच चिन्ह आहे. पण ते ज्याला माहीत आहे त्यालाच कळतं. मराठी टंकताना आपण kaaLe लिहितो, त्यातलं मोठं L ही आपली आपसातली खूण. Kalle लिहिलंत तर ‘कॅल’ किंवा ‘कली’ होईल.

इंग्रजीत ळ नाही, म्हणून तो अक्षरांनी मिळवायच्या मागे लागू नका. तुमचं खरं नुकसान ळ मुळे होत नाहीये. ‘का’ चा ‘के’ होतो आणि शेवटचा ए गिळला जातो, त्यानं होतंय. ते दोन्ही सांभाळा: `KAH-lay`. म्हणजे निदान ‘काले’ ऐकू येईल. ळ साठी मुद्रण द्या.

सातासमुद्रापार
मी `KAH-ray` लिहिलं असतं. अमेरिकन r मध्ये जीभ मागे वळते, ळ च्या जवळ जाते.

वर्णमाला
वळते, पण टेकत नाही, आणि हवा बाजूंनी जात नाही. आपल्या कानाला ते ‘कारे’ लागेल. मला तरी ‘काले’ जवळचं वाटतं.

सातासमुद्रापार
माझ्या आडनावातही ळ आहे. इथल्या मित्रांनी r म्हटलेलाच मला आपला वाटतो. यावर आपलं जुळायचं नाही.

वऱ्हाडी_माणूस
आमची आजी तर ळ म्हणतच नव्हती. डोळा म्हंजे डोया, गूळ म्हंजे गूय. आम्ही तिच्यासाठी ‘काये’. आणि माह्या एका ओळखपत्रावर Kale वरून मशीननं मराठीत ‘काले’ छापलं बाप्पा!

वर्णमाला
रोमन l मध्ये ल आणि ळ एकच होतात, उलट येताना यंत्राला कळणार कसं? अर्जात मराठी नाव वेगळं टंकून द्यायचं आणि छापण्याआधी तपासायचं. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून n दाबलं की ळ येतो.

धरमपेठकर_आई
आज लेकीनं मुद्रण पाठवलं. ऐकून गलबललं मला. ती स्वतःच ‘काले’ म्हणतेय. शाळेत, गल्लीत सगळं हिंदी, आमच्याही लक्षात आलं नाही. आता काय करू?

वर्णमाला
हे सुधारतं. तिला आधी ‘काडे’ म्हणायला सांगा. ड ला जीभ वर मागे जिथे टेकते, तिथेच टेकवून धरायची, सोडायची नाही, आणि आवाज चालू ठेवून हवा दोन्ही बाजूंनी जाऊ द्यायची. तो ळ. मग जीभ झटकन पुढे सोडत ‘ळे’. जीभ दातांच्या मागे लागली की तो ल झालाच समजा. नंतर काल-काळ, वेल-वेळ, मला-मळा अशा जोड्या मुद्रित करायच्या आणि तुम्ही न बघता ओळखायच्या. दहात नऊ बरोबर आल्या की नाव पुन्हा मुद्रित करा.

धरमपेठकर_आई
काल रात्री फोनवर अर्धा तास केलं. ‘मळा’ जमतोय, ‘वेळ’ मध्ये शेवटी ल होतो. चौकटीत `KAH-lay` भरलं. मुद्रणाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. शेवटी येणाऱ्या ळ साठी काही वेगळं करायचं का?

वर्णमाला
नावात तो मधे आहे, ‘वेळ’ सध्या सोडा. ‘माळे, शाळे, बाळे’ करून घ्या.