कुत्री गोळी थुंकते, औषध भिंतीवर उडवते. काय करू? (नाशिक, बजेट २०० रुपये, घर शाकाहारी)

इंदिरानगरवाली
आमची भुरी, गावठी, चार वर्षांची, वजन २० किलो. गोचीडताप निघाला. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लीन १०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस सांगितली आहे. शिवाय रक्तवाढीचं लाल औषध, दुपारी ५ मिली. आज पाचवा दिवस. पहिले दोन दिवस पोळीच्या तुकड्यात गोळी गेली, निदान मला तसं वाटलं. काल सोफ्यामागे झाडू मारला तर तीन गोळ्या निघाल्या! लाल औषध तर अर्धं भिंतीवर, आणि भिंत दिवाळीलाच रंगवली होती. सासूबाई घरात अंडं-मांस येऊ देत नाहीत. २०० रुपयांच्या आत काय करता येईल?

लॅब्रॅडॉरचा_बाप
पनीर. दुसरं काही बघूच नका. आमचा ब्रूनो पनीरमधून स्क्रूसुद्धा गिळेल. आम्ही गोळी लपवायची खास बाहेरची ट्रीट मागवतो, मधोमध खळगा असतो. पाकीट साडेनऊशेला पडतं, पण जिवापुढे पैसा काय.

सिडको_सम्या
साडेनऊशे?? ताईंनी २०० लिहिलंय. बाकी पनीरला माझंही +१. चीजची वडी अजून भारी, चिकटते मस्त.

पाटील_काका_मखमलाबाद
लाड फार झाले. आमच्या मळ्यातल्या कुत्र्याला मी दोन गुडघ्यांत धरतो, तोंड वर करतो, बाटली ओततो. संपलं. मोठी गोळी असली तर मनुक्यात कोंबा, आपल्या नाशकात मनुक्यांना काय तोटा? गोड असतात, पटकन खातात.

घाटावरची_रेखा
काका, मनुका नको! द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधतात. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखादा थोडक्यात आडवा होतो, आणि आपला कुठला ते आधी कळत नाही.

पाटील_काका_मखमलाबाद
आमचे कुत्रे बागेत पडलेले घड खातात, पंचवीस वर्षं बघतोय.

घाटावरची_रेखा
ते नशीब म्हणा. भुरी आधीच आजारी आहे, तिच्यावर कशाला प्रयोग?
आता पनीरबद्दल. मी रस्त्यावरच्या कुत्र्यांना औषधं देते, गोचीडतापाचे बरेच झाले हातून. एरवी पनीर चांगलंच, पण डॉक्सीसायक्लीनबरोबर नको. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं, मग ते आतड्यातून अंगात नीट उतरत नाही. गोळी पोटात गेली म्हणून आपण खूश, आणि ताप तिथेच. चीज, दही, पेढा सगळ्याला हेच लागू. लोहाचंही तसंच, म्हणून ते लाल औषध दुपारीच ठेवा, गोळीपासून निदान दोन-तीन तास लांब.

लॅब्रॅडॉरचा_बाप
ब्रूनोला पनीरमधूनच दिल्या होत्या. ठणठणीत आहे.

घाटावरची_रेखा
त्या डॉक्सीच्या होत्या का?

लॅब्रॅडॉरचा_बाप
जंताच्या होत्या बहुतेक. बायकोला विचारून सांगतो.

मनीमाऊ_पंचवटी
माझं मांजर पण असंच करतं, फेस काढतं तोंडातून. कोणी उपाय सांगेल का?

सिडको_सम्या
गोळी कुटून दहीभातात घाला ना, विषयच संपला.

घाटावरची_रेखा
दही परत? 🙂 आणि कुटली की सगळा कडूपणा बाहेर येतो. एकदा भात कडू लागला की कुत्रं उद्या साधा भातही हुंगून सोडतं. गोचीडतापात आधीच भूक मेलेली असते.

ताई, मी कसं करते ते सांगते. उकडलेल्या रताळ्याचे सुपारीएवढे चार गोळे करा, वरून थोडं तूप. पहिला नुसता द्या. दुसऱ्यात गोळी. ती गिळायच्या आत तिसरा नाकासमोर धरा, म्हणजे तो मिळावा म्हणून ती दुसरा न चावताच गिळते. मग चौथा. पोळीचा तुकडा तोंडात उलगडतो आणि गोळी सुटी होते, तिथेच तुमचं फसलं. एक बारीक गोष्ट: गोळीला हात लावलेल्या बोटांनी गोळ्याचं बाहेरचं आवरण करू नका. त्या बोटांचा वास लागला की ती ओळखते. एका हाताने गोळी आत ठेवा, दुसऱ्याने बंद करा.

रिकाम्या पोटी कोरडी गोळी देऊ नका. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम करते. थोडं खाणं झाल्यावर द्या आणि मागून पाणी जाऊ द्या. नंतर मान ताणून सारखे घोट घेणं, लाळ गळणं, खायला जाऊन मागे फिरणं असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

इंदिरानगरवाली
रताळं चालेल, उपवासामुळे घरात असतंच. आणि लाल औषध?

घाटावरची_रेखा
मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, दहा-पंधरा रुपये. तोंड उघडायचंच नाही. ओठाचा कोपरा जरा बाहेर ओढलात की गाल आणि दात यांमध्ये खिसा होतो, त्यात एकेक मिली सोडा. ती जीभ हलवून गिळते, मग पुढचा. मान सरळच राहू द्या. काकांसारखी वर करून ओतलं तर औषध श्वासनळीत, तिथून फुप्फुसात जाऊ शकतं. ठसका लागला की लगेच थांबा, डोकं खाली येऊ द्या. समोर उभं राहून वाकू नका, तिच्या बाजूला बसा. आणि द्यायची जागा बाथरूम, म्हणजे भिंतीचा प्रश्नही मिटला.

पाटील_काका_मखमलाबाद
माझ्या पद्धतीने एकही कुत्रं गेलं नाही. पण सिरिंज बरी वाटते, म्हातारपणी गुडघ्यात धरवत नाही.

नाशिकरोडचा_नित्या
भिंतीवरचा डाग लिंबू-मिठाने जातो.

सिडको_सम्या
नाही जात, रंग जातो. आमचा गेला.

नाशिकरोडचा_नित्या
तुझा रंग हलका असेल.

घाटावरची_रेखा
ताई, त्या तीन गोळ्यांचं राहिलं. भरून काढायला दुप्पट देऊ नका. डॉक्टरांना फोन करून सरळ सांगा की नऊपैकी तीन पोटात गेल्या नाहीत. पुढे किती दिवस लांबवायचं ते त्यांना ठरवू दे. बरी दिसली म्हणून मधेच बंद करू नका. आणि गिळल्याची खूण बघा: जीभ बाहेर काढून नाक चाटलं की बहुतेक वेळा गेली.

इंदिरानगरवाली
*(सहा दिवसांनी)*
सगळ्यांचे आभार. डॉक्टर आधी रागावले, मग कोर्स पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सांगितला. रताळ्याची युक्ती दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी बाई रताळं तोंडात घेऊन माझ्याकडे बघत बसल्या.
म्हणून आता वेगळंच करतेय. खालच्या काकू फाटकाशी उभ्या असतात, त्यांच्या हातचं ती दगडसुद्धा खाईल. सकाळ-संध्याकाळ फिरून आलो की काकू तीन गोळे देतात, कसले ते मी विचारत नाही आणि सासूबाईंनाही सांगत नाही. फक्त दुधाचं काही नको एवढं बजावलंय. नाक चाटलेलं मी लांबून बघते. लाल औषध सिरिंजने जातं, तरी रोज मिलीभर माझ्या ओढणीवर.

घाटावरची_रेखा
रेडीमेड चिकन मसाल्याचं काही देत नसतील ना? त्यात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्यांना वाईट. एकदा विचाराच.

लॅब्रॅडॉरचा_बाप
बायको म्हणाली, जंताच्याच होत्या.

मनीमाऊ_पंचवटी
मांजराचं कोणीच सांगितलं नाही.