मदत हवी आहे: दंडाचं हाड मोडलंय आणि मनगट उचलत नाही. लगेच प्लेट घालायची की ब्रेसवर थांबायचं?

सायंतारा
माझा धाकटा भाऊ, वय 31. नऊ दिवसांपूर्वी मित्राशी पंजा लढवताना काडकन आवाज आला आणि उजवा दंड मध्येच वाकला. एक्स-रेत हाडाच्या खालच्या तिसऱ्या भागात पीळ दिल्यासारखी लांब तिरकी भेग आहे. कातडी फाटलेली नाही, नाडी चांगली लागते. पण मनगट वर येत नाही, पंजा खाली लोंबतो, आणि अंगठा व तर्जनीच्या मधली मागची जागा बधिर आहे. सध्या यू-स्लॅब आहे, म्हणजे दंडाला यू आकारात लावलेली प्लास्टरची पट्टी.

पहिले डॉक्टर म्हणाले, "रेडियल नर्व्ह गेलीय, उघडून बघू आणि त्याच वेळी प्लेट घालू." दुसरे म्हणाले, "नस बहुधा आपोआप येईल, ब्रेस घाला." दोघेही अनुभवी, दोघांचंही बोलणं पटतं. आई रोज विचारते, काय ठरलं? आणखी एक, काल त्याने माझ्यासमोर बोटं सरळ करून दाखवली. म्हणजे नस चालू झाली असं समजायचं का?

पायवाट
घाबरू नका. माझ्या आईचंही दंडाचं हाड मोडलं होतं, खांद्याजवळ. नुसती झोळी घातली आणि दोन महिन्यांत हात वर जायला लागला. ऑपरेशनच्या नादी लागू नका.

मुक्ताफळ
पायवाट, तुमच्या आईला मनगटाचा त्रास नव्हता ना? इथे तो आहे. मी असं वाचलंय की नस चिमटली असेल तर जितकी लवकर सोडवाल तितकं बरं. मनगट पडलं की ऑपरेशन, असाच नियम आहे.

उत्तरायण
मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. पेशंट तपासलेला नाही, त्यामुळे हे शेवटचं मत समजू नका.

पायवाट, खांद्याजवळचं हाड वेगळं. तिथे रेडियल नर्व्ह हाडाला चिकटून जात नाही, म्हणून तो अनुभव इथे लावता येणार नाही. मुक्ताफळ, असा नियम नाही. पूर्वी बरेच सर्जन तसं करत, आज बंद फ्रॅक्चरमध्ये बहुतेक जण करत नाहीत.

ही नस दंडाच्या मागून हाडाला वळसा घालते आणि कोपराच्या साधारण दहा सेंटिमीटर वर मांसाचा घट्ट पडदा भेदून पुढच्या बाजूला येते. तिथे ती जखडल्यासारखी असते, सरकायला जागा नसते. पंजा लढवताना हाडाला पीळ बसतो, नेमकं तिथेच मोडतं आणि नस ताणली जाते. बहुतेक वेळा ताणते किंवा दबते, तुटत नाही. दंडाच्या हाडाच्या लांब दांड्याच्या फ्रॅक्चरमध्ये साधारण शंभरातल्या बारा जणांना असा लकवा येतो, आणि त्यातल्या सत्तरच्या आसपास टक्के लोकांची नस कोणी हात न लावता परत येते.

आता तुमच्या भावाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मनगट हाड मोडताक्षणी पडलं, की स्लॅब घालताना हाड ओढून सरळ केल्यावर पडलं? पहिल्या तपासणीचा कागद काढून बघा. आधी चालणारी नस ओढाओढीनंतर बंद पडली असेल तर ती तुकड्यांत अडकल्याची शंका येते, आणि मग उघडून बघण्याकडे आमचा कल जातो. तिथेही आज सगळ्यांचं एकमत नाही, पण विचार वेगळा होतो हे नक्की.

आणि बोटांचं. कृपया त्यावर विसंबू नका. बोटांचे शेवटचे दोन सांधे तळहातातले लहान स्नायू सरळ करतात आणि त्यांची नस वेगळी, अल्नर. असं करा: त्याचा हात टेबलावर ठेवा, मनगट तुम्ही सरळ धरा आणि बोटं मुळापासून, म्हणजे मुठीच्या उंचवट्याच्या सांध्यातून, छताकडे उचलायला सांगा. मग तळवा टेबलाला टेकवून फक्त अंगठा वर उचलायला सांगा. या दोन गोष्टी रेडियल नर्व्हशिवाय होत नाहीत.

सायंतारा
आत्ताच करून पाहिलं. टोकं सरळ होतात, पण मुळातून बोट जराही उठत नाही. अंगठा टेबलावरच पडून राहतो, तो खांद्याने ढकलून बघतोय. रडू आलं.

कागदावर स्लॅबच्या आधीच्या नोंदीत "मनगट उठत नाही" असं स्पष्ट लिहिलंय. भाऊही म्हणतो, पडलेला फोन उचलायला गेला तेव्हाच पंजा लोंबला होता.

उत्तरायण
मग हा सुरुवातीपासूनचा, बंद फ्रॅक्चरचा लकवा झाला. एवढ्या एका कारणासाठी प्लेट घालावी असं मला वाटत नाही.

प्लेटची कारणं वेगळी असतात. हाड कातडीबाहेर आलं, रक्तवाहिनी फाटली, त्याच हाताचं कोपराखालचं हाडही मोडलं, दोन्ही दंड मोडले किंवा पायही मोडल्याने कुबडीवर भार द्यायचाय, आजाराने हाड पोखरलंय. किंवा ब्रेसमध्ये हाड धरूनच राहत नाही. तुमच्या वर्णनात यातलं काहीच दिसत नाही. प्लेट घालायला नस शोधून बाजूला करावी लागते, आणि त्यातही ती दुखावू शकते. ज्याची नस आधीच आजारी आहे त्याच्यावर हा दुसरा घाव मी उगाच घालणार नाही.

ब्रेसच्या बाजूने 1977 पासून सार्मिएंटो यांच्या पद्धतीचा अनुभव आहे. दोन प्लास्टिकच्या कवच्या वेल्क्रोने आवळायच्या, मांस चहूबाजूंनी दाबलं की आतलं हाड रांगेत राहतं. खांदा आणि कोपर मोकळे. हाड थोडं वाकडं जुळलं तरी चालतं: पुढे-मागे 20 अंश आणि बाजूला 30 अंशांपर्यंत वाकण खांदा सांभाळून घेतो, तीन सेंटिमीटर आखूड झालं तरी काम अडत नाही.

पण पहिले डॉक्टर चुकीचे आहेत असं म्हणणार नाही. 2020 मध्ये फिनलंडमधून 82 पेशंटचा अभ्यास आला, प्लेट विरुद्ध ब्रेस. एका वर्षाने हाताच्या कामात लक्षणीय फरक नव्हता, मात्र ब्रेसवाल्यांपैकी साधारण 30 टक्के लोकांवर वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली. लवकर कामाला लागायची निकड असेल आणि धोके समजून एखाद्याने प्लेट मागितली, तर मी त्याला हाकलून देत नाही.

हस्तरेखा
मी फिजिओ. दोन गोष्टी आजच्या आज सांगते. एक, पंजा लोंबू देऊ नका. कॉक-अप स्प्लिंटने मनगट उचलून धरा आणि बोटं, अंगठा दिवसातून पाच-सहा वेळा दुसऱ्या हाताने पूर्ण उघडा. तीन महिन्यांनी नस आली आणि सांधे आखडलेले असले तर त्या नसेचा उपयोग काय?

दुसरं, ब्रेस घातल्यावर खुर्चीच्या हातावर किंवा उशीवर कोपर टेकवायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांची ही सर्वांत मोठी चूक. कोपर टेकलं की खालचा तुकडा वर ढकलला जातो आणि हाड बाहेरच्या बाजूला फुगतं. हाताचं वजनच त्याला सरळ खेचतं, ते खेचू द्यावं. रात्री पाठीला तक्के लावून अर्धवट बसून झोपायचं. सूज उतरते तशी ब्रेस सैल होते, म्हणून पट्टे रोज सकाळी थोडे आवळायचे.

सायंतारा
तीन आठवडे झाले. ब्रेस बारा दिवसांनी घातली. दर आठवड्याला एक्स-रे काढतोय. पहिल्यात वाकण 11 अंश, आजच्यात 17. मनात धस्स झालं. डॉक्टर म्हणाले चालेल. खरंच चालेल का? उशीवर कोपर टेकवायची सवय होती, ती आता मोडली.

उत्तरायण
17 चालेल. 11 वरून 17 वर का गेलं याचं उत्तर तुम्हीच दिलंय. पुढच्या दोन एक्स-रेत तिथेच थांबलं तर काळजी नको. मी आकड्यापेक्षा सहाव्या आठवड्यात दंड हाताने हळूच हलवून बघेन. तुकडे एकमेकांवर ढळढळीत हलत असतील तर ब्रेसवर जुळायची शक्यता बरीच कमी, तेव्हा प्लेट.

मुक्ताफळ
मी वर चुकलो, मान्य. पण नसेसाठी घाई नको, एवढं तरी बरोबर ना? नस दिवसाला एक मिलिमीटर वाढते म्हणतात. म्हणजे निवांत सहा महिने थांबायचं, टेस्ट वगैरेची गरज नाही.

उत्तरायण
आकडा बरोबर, निष्कर्ष अर्धवट. नस नुसती दबली असेल तर ती वाढायची वाट बघत नाही, काही आठवड्यांत जागी होते. आतले धागे तुटले असतील तरच एक मिलिमीटरचा हिशोब लागतो. याचं फ्रॅक्चर कोपराच्या साधारण 12 सेंटिमीटर वर असेल, तर पहिला येणारा स्नायू, अंगठ्याच्या बाजूने कोपर वाकवणारा ब्रॅकिओरेडियालिस, तिथून आठ-नऊ सेंटिमीटरवर. म्हणजे 80 ते 90 दिवस, त्यात सुरुवातीचा महिनाभर धरा. चौथ्या महिन्यापर्यंत त्यात काहीच हालचाल नाही तर उघडून बघायचा विचार हवा. स्नायू अनंत काळ वाट बघत नाही, दीड वर्षापर्यंत नस पोहोचली नाही तर तो कायमचा वाळतो. म्हणून पहिली ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, सहा आठवड्यांच्या सुमारास, दुसरी बारा आठवड्यांनी. पहिल्या तीन आठवड्यांत केलेली ईएमजी फसवते.

सायंतारा
सात आठवडे. चांगली बातमी: दंड आता हलत नाही, एक्स-रेत हाडाभोवती ढगासारखं नवं हाड दिसतंय, वाकण 18 वर थांबलं. वाईट बातमी: ईएमजीत तो जोर लावतो तेव्हा एकही लहर आली नाही. सोनोग्राफीत नस अखंड आहे, फ्रॅक्चरच्या जागी जाड झालीय. पहिले डॉक्टर म्हणतात, आता तरी उघडा. दुसरे म्हणतात, बारा आठवडे थांबा.

उत्तरायण
अखंड दिसली आणि तुकड्यांत अडकलेली नाही, म्हणून मी दुसऱ्यांच्या बाजूने. पण सोनोग्राफी आतले धागे दाखवत नाही, आणि खालच्या भागाच्या पिळाच्या फ्रॅक्चरमध्ये आधीच उघडणारे चांगले सर्जनही मला ठाऊक आहेत. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. तुमच्याकडे अजून वेळ आहे, तो वाया मात्र घालवू नका. बाराव्या आठवड्याची ईएमजी आजच ठरवून ठेवा.

हस्तरेखा
रोज सकाळी एक करा. कोपर नव्वद अंशांत, अंगठा वर, हस्तांदोलनाला हात पुढे करतो तसा. तुम्ही त्याचं मनगट हलकेच खाली दाबा आणि त्याला कोपर वाकवायला सांगा. दुसऱ्या हाताची दोन बोटं कोपराच्या थोडी खाली, अंगठ्याच्या बाजूच्या मांसावर ठेवा. मनगट उचलायच्या कितीतरी आधी तिथे दोरी ताणल्यासारखं काहीतरी बोटांना लागतं. लागलं की तारीख लिहून ठेवा.

सायंतारा
आज 54 वा दिवस. बोटं ठेवली. काही नाही. उद्या परत बघते.