मदत हवी आहे: चौघांनी लिहिलेला संशोधन अहवाल एकसंध कसा करावा? (संदर्भांचा घोळ वेगळाच)

मुक्ता_ज

पदव्युत्तर वर्गाचा गट-अहवाल आहे. आम्ही चौघे. विषय: रात्रीचा मोबाइल वापर आणि विद्यार्थ्यांची झोप. प्रश्नावलीवर आधारित पाहणी आहे, अहवाल मराठीतून, साधारण ८००० शब्द. वाटणी अशी झाली: एकाकडे प्रस्तावना आणि पूर्वसंशोधनाचा आढावा, एकाकडे पद्धत, एकाकडे निष्कर्ष-तक्ते, माझ्याकडे चर्चा आणि समारोप. चारही भाग लिहून झालेत. जोडून वाचलं तर चार वेगळे अहवाल वाटतात. एक जण ‘आम्ही’ लिहितो, दुसरा ‘प्रस्तुत संशोधकांनी’, तिसऱ्याचं सगळं ‘करण्यात आले’.

संदर्भ एपीए ७ प्रमाणे हवेत. दोघांनी वर्डमध्ये झोटेरो वापरलंय, एकाने गूगल डॉक्समध्ये झोटेरो, मी हाताने टाइप केलेत. एकत्र केल्यावर एकच लेख यादीत दोनदा येतोय, 2020a आणि 2020b म्हणून. नऊ दिवस आहेत. सुरुवात कुठून करू?

निळूभाऊ

सोपं आहे. चौघांनी एका फाइलवर बसा आणि प्रत्येकाने संपूर्ण अहवाल एकदा सुधारा. चार हात फिरले की भाषा आपोआप सारखी होते. संदर्भांचं म्हणाल तर झोटेरोत Unlink Citations आहे, ते दाबून सगळं साध्या मजकुरात आणा आणि यादी हाताने नीट करा. आठ हजार शब्दांत काय असे शेकडो संदर्भ असणार?

कंसातला_माणूस

निळूभाऊ, Unlink Citations शेवटी कामाला येतं हे खरं, पण आत्ता नको. ते दाबलं की मजकुरातल्या उल्लेखाचा यादीशी असलेला दुवा तुटतो आणि तो परत जोडता येत नाही. पुढे चर्चेतला एक परिच्छेद गाळला, तर त्यातला संदर्भ यादीत तसाच राहील आणि कुणाला कळणारही नाही. सादर करायच्या प्रतीवर, तीही मूळ फाइल बाजूला ठेवून, शेवटच्या दिवशी करा. ‘चौघांनी सगळं सुधारा’ हेही मला पटत नाही. पहिल्याने ‘सहभागी’ केलेलं तिसरा ‘प्रतिसादक’ करतो आणि शेवटचा हात ज्याचा, त्याची भाषा उरते.

मुक्ताताई, भाषेला हात लावण्याआधी आकडे जुळतात का ते बघा. वाटून लिहिलेल्या अहवालात आवाजापेक्षा मोठी भेग तिथे असते. पद्धतीत ‘एकूण प्रतिसाद’ किती लिहिलेत आणि तक्त्यांत टक्केवारी कशावर काढली आहे?

मुक्ता_ज

आत्ता पाहिलं. पद्धतीत २१४. तक्त्यांत २०६, कारण आठ प्रतिसाद अपुरे म्हणून वगळले होते. वगळल्याचा उल्लेख पद्धतीत नाहीच. आणि मी चर्चेत ५५.१ टक्के लिहिलंय, तक्त्यात ५७.३ आहे. दोन्हीकडे ११८ जणच.

कंसातला_माणूस

हेच. ११८ भागिले २१४ म्हणजे ५५.१, भागिले २०६ म्हणजे ५७.३. तुम्ही पद्धतीतला आकडा घेऊन स्वतः टक्के काढलेत, तक्त्यातून उचलले नाहीत. दोन्ही गणितं बरोबर, अहवाल मात्र चूक. परीक्षकाच्या नजरेत हे पहिल्यांदा भरतं.

उपाय दोन वाक्यांचा आहे. पद्धतीत लिहा: ‘२१४ प्रतिसाद मिळाले. त्यांपैकी आठ अपूर्ण असल्याने वगळले आणि विश्लेषण २०६ प्रतिसादांवर केले.’ मग ठरवून टाका की टक्केवारी फक्त तक्त्यातून घ्यायची, कुणीही नव्याने काढायची नाही, आणि सगळीकडे दशांशानंतर एकच आकडा.

पुढच्या वेळी वाटणीतच एक बदल करा: पद्धत आणि निष्कर्ष एकाच्याच हाती द्या. ज्याने प्रतिसाद वगळले त्यालाच ते का वगळले हे लिहिता येतं. आणि प्रस्तावना व समारोप एकाकडे, म्हणजे सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नांची शेवटी त्याच क्रमाने उत्तरं मिळतात. सारांश सगळं झाल्यावर. ‘प्रत्येकी दोन हजार शब्द’ ही वाटणी दिसायला न्याय्य असते, पण पद्धतीला तेवढे लागत नाहीत आणि आढाव्याला पुरत नाहीत. मग पद्धतवाला पाणी घालतो.

प्राजक्त_७

आमच्याकडे यावरून भांडणं झाली होती. उपाय एकच, नावांचा क्रम आणि गुणांची वाटणी आधी लेखी घ्या. ज्याने जास्त भाग लिहिला त्याचं नाव पहिलं.

मुक्ता_ज

नावांवरून वाद नाहीये हो, वर्णानुक्रमाने देणार आहोत. प्रश्न भाषेचा आणि संदर्भांचा आहे.

@कंसातला_माणूस, आकडे आज दुरुस्त करते. आता भाषा?

कंसातला_माणूस

एक संपादक नेमा, एकच. शक्यतो ज्याने सर्वांत कमी लिहिलंय तो, कारण त्याला स्वतःची वाक्यं वाचवायची नसतात. आधी चौघांनी मिळून एका पानाचं नियमपत्रक करा आणि त्यावर वाद घाला. फाइलमध्ये नंतर वाद नको.

पत्रकात चारच गोष्टी पुरतात. एक, कर्ता कोण: ‘आम्ही’ की कर्मणी. माझं मत, मराठीत ‘आम्ही प्रश्नावली पाठवली’ हे ‘प्रश्नावली पाठवण्यात आली’पेक्षा स्वच्छ वाचलं जातं. पण विभागाला ‘आम्ही’ चालत नसेल तर कर्मणीच ठेवा आणि मग सगळीकडे ठेवा. दोन, काळ: आपण केलेलं भूतकाळात, तक्ता काय दाखवतो ते वर्तमानात. तीन, संज्ञा: सहभागी/प्रतिसादक/उत्तरदाते यांपैकी एक, ‘स्क्रीनवेळ’ की ‘मोबाइल वापराचा कालावधी’ यांपैकी एक. शब्द बदलत राहिला की वाचकाला वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात. चार, आकडे अंकात की अक्षरात.

संपादकाने एका फेरीत एकच गोष्ट बघावी. संज्ञांची फेरी शोधा-बदला वापरून होते, पण ‘सर्व बदला’ दाबू नका. ‘प्रतिसादक’च्या जागी ‘सहभागी’ घातलं की ‘प्रतिसादकांनी’चं ‘सहभागींनी’ व्हायला हवं, होतं मात्र ‘सहभागीांनी’. प्रत्यय लागलेली रूपं एकेक बघावी लागतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं, संपादनात अर्थ सरकू देऊ नका. निष्कर्षात ‘वापराचा कालावधी आणि झोपेचे तास यांत ऋण सहसंबंध आढळला’ असं असेल आणि संपादकाने ओघवतं करायला ‘जास्त वापरामुळे झोप कमी होते’ केलं, तर एकदाच केलेल्या पाहणीतून जे सिद्ध होत नाही ते अहवालाने म्हटल्यासारखं झालं. म्हणून ट्रॅक चेंजेस चालू ठेवून संपादन करा आणि प्रत्येक भाग मूळ लेखकाला फक्त अर्थ तपासायला परत द्या. शैलीवर मत द्यायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.

दीपा_के

आमचा अहवाल आयईईई पद्धतीचा आहे, चौकटी कंसातले आकडे. प्रत्येक भागात [1] पासून सुरुवात झाली होती आणि जोडल्यावर सगळे [1] वेगळ्या लेखांचे. आमचे आकडे टाइप केलेले आहेत. झोटेरोने सुटेल का?

कंसातला_माणूस

टाइप केलेले आकडे झोटेरोला दिसतच नाहीत, दीपाताई. प्रत्येक ठिकाणी उल्लेख नव्याने घालावा लागेल. ते केलंत की क्रम आपोआप लागतो. मुक्ताताईंच्या हाताने टाइप केलेल्या चर्चेलाही हेच लागू.

आता 2020a-2020b चं कारण. झोटेरो वापरणाऱ्या तिघांनी आपापल्या My Library मधून उल्लेख घातले. लेख एकच असला तरी झोटेरोच्या दृष्टीने या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. लेखक आणि वर्ष सारखं, म्हणून ते a, b लावतं. करायचं असं:

झोटेरोत एक ग्रुप लायब्ररी उघडा, सगळ्यांनी आपले लेख तिथे ओढून टाका. मग त्या ग्रुपच्या Duplicate Items मध्ये जाऊन जुळ्या नोंदी Merge करा. इथे बहुतेक जण थांबतात आणि यादी तरी तशीच का म्हणून वैतागतात. ग्रुपमध्ये ओढलेली नोंद ही नवी प्रत असते, फाइलमधले जुने उल्लेख अजून त्या-त्या व्यक्तीच्या My Library कडेच बोट दाखवत असतात. ते उल्लेख काढून ग्रुपमधून पुन्हा घालावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण याला आडवाट नाही.

गूगल डॉक्सचा भाग नुसता कॉपी करून वर्डमध्ये चिकटवू नका. तसं केलं की उल्लेखावर `zotero.org/google-docs` ने सुरू होणारी लिंक राहते, ती वर्डला कळत नाही. फाइलची प्रत काढा, झोटेरो मेनूतून `Switch word processors…` निवडा, मग `.docx` उतरवून वर्डमध्ये उघडा आणि Refresh दाबा.

तपासणी: एखाद्या उल्लेखावर टिचकी मारा. फील्ड असेल तर पूर्ण उल्लेख करडा होतो. फक्त कर्सर लुकलुकला तर तो साधा मजकूर आहे.

मुक्ता_ज

आणखी एक विचित्र गोष्ट. एका लेखिकेच्या आडनावाआधी काही ठिकाणी आद्याक्षर येतंय, बाकी कुठे नाही. हे काय?

कंसातला_माणूस

एका नोंदीत तिचं पहिलं नाव पूर्ण आहे, दुसरीत फक्त आद्याक्षर. झोटेरोला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात आणि एपीएचा नियम आहे की एकाच आडनावाचे दोन लेखक असतील तर आद्याक्षर द्या. ग्रुपमध्ये नाव सगळीकडे सारखं करा आणि Refresh, आपोआप जाईल. फाइलमध्ये हाताने खोडलंत तर झोटेरो विचारेल, हा बदल ठेवू का. ‘हो’ म्हणालात की त्या उल्लेखाचं आपोआप अद्ययावत होणं बंद.

निळूभाऊ

बरं, Unlink चं मागे घेतो. पण एक विचारतो, मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकाच यादीत की दोन? आमच्याकडे आधी मराठी, मग इंग्रजी अशी पद्धत होती.

कंसातला_माणूस

झोटेरो स्वतःहून दोन याद्या करत नाही. विभागाचा आग्रह असेल तर अंतिम प्रतीवर Unlink करून यादी हाताने विभागावी लागेल. मी एकच ठेवीन.

दीपा_के

मला दोन बऱ्या वाटतात. देवनागरी नावं इंग्रजी वर्णक्रमात शोधायची कुठे?

मुक्ता_ज

विभागाला उद्या विचारते. ग्रुप लायब्ररी उघडली, चौघांचे मिळून ७३ संदर्भ आहेत, त्यांतले ११ दुहेरी निघालेत. संपादक म्हणून पद्धतवाल्याला तयार केलंय, त्याचे शब्द सर्वांत कमी आहेत. ‘आम्ही’वर मात्र अजून दोन विरुद्ध दोन.